पैसे हातात आलेच नाहीत, मग विक्री कसली?

लेखमाला : कर आणि कागद
लेखांक ९

डिसेंबर २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात अनेकांच्या मोबाइलवर प्राप्तिकर खात्याचा एक छोटा संदेश आला. २०२३-२४ या वर्षात तुमच्या नावावर शेअर किंवा म्युच्युअल फंडांचे मोठ्या रकमेचे व्यवहार दिसतात, भरलेल्या रिटर्नशी ते जुळत नाहीत, पोर्टलवर जाऊन पाहा, एवढाच त्याचा मथितार्थ. १७ डिसेंबरला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने अशी मोहीम हाती घेतल्याचं रीतसर जाहीर केलं होतं. त्यात २०२३-२४ बरोबर २०२१-२२ हेही वर्ष होतं.

गेल्या लेखात व्याजाचा मेळ कसा चुकतो ते पाहिलं. व्याजाची चूक बहुधा काही हजारांची असते. शेअर आणि फंडांच्या संदेशात मात्र आकडा थेट लाखांत असतो, म्हणून घाबरगुंडीही मोठी उडते. पुढचं उदाहरण समजुतीसाठी रचलेलं आहे. ते सविस्तर घेतलंय, कारण अशा प्रकरणांत वारंवार दिसणाऱ्या दोन गाठी त्यात एकत्र सापडतात.

सांगलीतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. वय ६६. पेन्शन महिन्याला ६०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ७,२०,०००. नव्या करपद्धतीत प्रमाणित वजावटीचे ५०,००० वजा केले की उरतात ६,७०,०००. उत्पन्न सात लाखांच्या आत, म्हणजे कलम ८७ए ची सवलत मिळून कर शून्य. बाईंनी जुलै २०२४ मध्ये नेहमीप्रमाणे ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ हा फॉर्म भरला, आधारच्या ओटीपीने तो पक्का केला आणि विषय मिटवला. डिसेंबरात संदेश आला. पोर्टल उघडल्यावर विक्रीखाली बेरीज दिसली १४,३०,४०० रुपये.

बाईंचं पहिलं वाक्य होतं, “एवढे पैसे मी आयुष्यात एकरकमी पाहिले नाहीत.”

ते खरंच होतं. या रकमेतले ९,४०,००० रुपये त्यांच्या बँकखात्यात कधी आलेच नव्हते. पुण्यातल्या मुलाने ऑगस्ट २०२३ मध्ये आईला सांगितलं होतं की, तुझा इक्विटी फंड ‘रेग्युलर’ प्लॅनमध्ये आहे, तो ‘डायरेक्ट’मध्ये घे, एजंटचं कमिशन वाचेल. सल्ला वाईट नव्हता. फंड तोच, फंड व्यवस्थापक तोच, आतले शेअरही तेच. बाईंनी ‘स्विच’चा अर्ज दिला आणि दोन-तीन दिवसांत युनिट बदलून आले. बाईंच्या हिशेबी ही एका खिशातून दुसऱ्या खिशात केलेली ठेव होती.

कायद्याच्या हिशेबी मात्र त्या दिवशी दोन व्यवहार झाले. रेग्युलर प्लॅनची २०,००० युनिटं ४७ रुपयांच्या भावाने विकली गेली आणि आलेल्या पैशांतून डायरेक्ट प्लॅनची युनिटं विकत घेतली गेली. भांडवली मालमत्तेची अदलाबदल किंवा तिच्यावरचा हक्क संपणं म्हणजे हस्तांतरण, आणि हस्तांतरण झालं की नफ्याचा हिशेब लागतो. पैसे हातात येण्याची अट कुठेच नाही. याचा पुरावा बाईंच्या कपाटातच होता. फंडाच्या स्टेटमेंटवर त्या तारखेला दोन बारीक ओळी होत्या : विक्रीवर साधारण नऊ रुपये एसटीटी, म्हणजे रोखे व्यवहार कर, आणि खरेदीवर ४७ रुपये मुद्रांक शुल्क. नुसत्या खिसेबदलावर सरकार मुद्रांक शुल्क घेत नाही. पण नऊ रुपयांची ओळ कोण वाचतं?

इथे एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. फंड कंपनीने स्वतःहून दोन योजनांचं किंवा एका योजनेतल्या दोन प्लॅनचं एकत्रीकरण केलं आणि गुंतवणूकदाराला नवी युनिटं दिली, तर कलम ४७ ते हस्तांतरण मानत नाही. तिथे कर लागत नाही. तेच काम गुंतवणूकदाराने आपल्या सहीने केलं की लागतो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, आणि शेजाऱ्याला कर लागला नाही म्हणून मलाही लागणार नाही, हा समज बरेचदा इथूनच निघतो. एसटीपीचंही तसंच. लिक्विड फंडातून इक्विटी फंडात दरमहा आपोआप पैसे वळते होतात, तेव्हा दरमहा लिक्विड फंडाची एक छोटी विक्री होत असते. वर्षाच्या बारा विक्री एआयएसमध्ये बारा ओळींनी उभ्या राहतात.

एआयएस म्हणजे वार्षिक माहिती विवरण. नोव्हेंबर २०२१ पासून ते पोर्टलवर प्रत्येकाला पाहता येतं. त्याआधीही मोठ्या व्यवहारांची माहिती खात्याकडे जात होतीच. एका आर्थिक वर्षात दहा लाखांहून जास्त रकमेची फंड युनिटं घेतली, तर फंड कंपनीने ते कळवायचं, हा नियम जुना आहे. त्यात एकाच फंडातल्या योजनाबदलाला सूटही आहे. त्या सुटीची ऐकीव आठवण ठेवून ‘स्विच मोजत नाहीत’ असं सांगणारे सल्लागार आजही भेटतात. पण मार्च २०२१ मध्ये नियमांत भर पडली. तेव्हापासून डिपॉझिटरी आणि फंडांच्या नोंदी ठेवणारे रजिस्ट्रार हे विक्रीची माहिती थेट कळवतात. एआयएसमध्ये ती एसएफटी-१७ आणि एसएफटी-१८ या क्रमांकांखाली दिसते. विक्री दहा लाखांच्या आत राहिली म्हणून ती दिसणार नाही, या भरवशावर राहण्यात आता अर्थ नाही.

बाईंची दुसरी गाठ वेगळी होती. त्यांच्या यजमानांनी २००९ मध्ये एका कंपनीचे ४०० शेअर ५२,००० रुपयांना घेतले होते. २०१५ मध्ये ते वारले आणि शेअर बाईंच्या डीमॅटमध्ये आले. जानेवारी २०२४ मध्ये घराच्या दुरुस्तीसाठी बाईंनी ते विकले. भाव मिळाला १,२१० रुपये, एकूण ४,८४,००० रुपये. एआयएस मात्र ४,९०,४०० सांगत होतं.

हा साडेसहा हजारांच्या आसपासचा फरक पाहून मुलाने आधी ब्रोकरवर संशय घेतला. चूक ब्रोकरची नव्हती. डिपॉझिटरीला शेअर खात्यातून किती गेले ते कळतं, बाजारात नेमका कोणत्या क्षणी कोणत्या भावाने सौदा झाला ते कळत नाही. म्हणून तिथे त्या दिवसाचा बंद भाव धरून विक्रीची अंदाजे रक्कम काढली जाते. त्या दिवशी बंद भाव होता १,२२६. खरा आकडा ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर असतो आणि रिटर्नमध्ये तोच लिहायचा असतो.

खरेदी किमतीच्या रकान्यात तर शून्य होतं. वारसाहक्काने आलेले शेअर डीमॅटमध्ये किंमत न लिहिता जमा होतात, आणि यंत्रणेला ते फुकट आल्यासारखे वाटतात. कायदा तसं मानत नाही. वारशाने आलेल्या शेअरची किंमत म्हणजे मूळ मालकाने मोजलेली किंमत, आणि शेअर किती काळ बाळगले ते मोजायचं मूळ मालकाच्या खरेदीच्या तारखेपासून. म्हणजे किमान ५२,००० रुपये तरी बाईंच्या बाजूने हक्काचे होते.

पण इतक्यावर थांबलं असतं तरी बाईंचं नुकसान झालं असतं. सूचीबद्ध शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्याला २०१८ च्या अर्थसंकल्पापर्यंत कर नव्हता. तो लावताना सरकारने ३१ जानेवारी २०१८ पर्यंतचा नफा माफ केला. पद्धत अशी : त्या दिवशीचा बाजारातला सर्वोच्च भाव आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत, या दोहोंतली कमी रक्कम घ्यायची. मग ती आणि मूळ खरेदीची किंमत, यांतली जास्त रक्कम खरेदी किंमत म्हणून धरायची. बाईंच्या शेअरचा त्या दिवशीचा सर्वोच्च भाव ७८० रुपये होता, म्हणजे ४०० शेअरचे ३,१२,०००. विक्रीच्या ४,८४,००० पेक्षा ते कमी आणि ५२,००० पेक्षा जास्त. म्हणून खरेदी किंमत ३,१२,००० आणि नफा १,७२,०००. मूळ किंमत धरली असती, तर नफा ४,३२,००० झाला असता.

फंडाचा हिशेब सोपा होता. ती २०,००० युनिटं जुलै २०१९ मध्ये २८ रुपयांनी, म्हणजे ५,६०,००० रुपयांना घेतली होती. स्विच ९,४०,००० ला. नफा ३,८०,०००. फंडांचा असा हिशेब बसून करावा लागत नाही. कॅम्स आणि केफिनटेक या दोन रजिस्ट्रारांकडून ईमेलवर भांडवली नफ्याचं स्टेटमेंट मागवता येतं आणि त्यात युनिटांची खरेदी-विक्री आधी आलेलं आधी गेलं, या क्रमाने जुळवलेली असते.

दोन्ही नफ्यांची बेरीज ५,५२,०००. त्या वर्षी या प्रकारच्या नफ्यातले पहिले एक लाख करमुक्त होते आणि उरलेल्यावर दहा टक्के कर होता. (२३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला साडेबारा टक्के आणि सवा लाख हे आकडे लागू आहेत. जुन्या वर्षाला नवा दर लावून स्वतःच स्वतःला जास्त कर लावून घेणारेही पाहण्यात आहेत.) ४,५२,००० च्या दहा टक्क्यांनी झाले ४५,२०० रुपये. चौदा लाखांच्या धास्तीपुढे हा आकडा बाईंना बराच माणसाळलेला वाटला.

इथे सांगलीतल्या सीएने त्यांना थांबवलं. “बाई, आता तुमच्या पेन्शनवरही कर लागेल.”

“पेन्शनवर? ते तर सात लाखांच्या आत आहे!”

“सात लाखांची मर्यादा पेन्शनला नाही, एकूण उत्पन्नाला आहे. आणि हा नफा एकूण उत्पन्नात धरतात.”

या प्रकरणातली खरी ठेच हीच, आणि संदेशातल्या आकड्यात ती कुठेच दिसत नाही. बाईंचं एकूण उत्पन्न ६,७०,००० अधिक ५,५२,०००, म्हणजे १२,२२,००० झालं. सात लाखांची रेघ ओलांडली, म्हणून ८७ए ची सवलत गेली. जुलैत शून्य दिसणारा पेन्शनवरचा कर आता मोजावा लागला : तीन ते सहा लाखांवर पाच टक्क्यांनी १५,००० आणि पुढच्या ७०,००० वर दहा टक्क्यांनी ७,०००, एकूण २२,०००. त्यात नफ्यावरचे ४५,२०० मिळवून ६७,२००, वर चार टक्के उपकर. भरायचे ६९,८९० रुपये. नफ्याचा हिशेब बिनचूक करूनही अनेकांचं गणित इथे चुकतं आणि मग खात्याकडून दुसरी मागणी येते.

एक दिलासा होता. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या साठीपुढच्या निवासी व्यक्तीला आगाऊ कर भरावा लागत नाही. त्यामुळे आगाऊ कर न भरल्याचं व्याज बाईंना लागलं नाही. मूळ रिटर्नही मुदतीत भरलेलं होतं. त्यांचा पंचेचाळिशीतला मुलगा याच जागी असता, तर दरमहा एक टक्क्याचं व्याज चढलं असतं.

आता उत्तर द्यायचं कसं? पहिली गोष्ट, संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवायचं नाही. खात्याच्या नावाने येणारे खोटे संदेश कमी नाहीत, आणि खरा संदेश असेल तर तो पोर्टलवर सापडतोच. `incometax.gov.in` वर स्वतः लॉग-इन करून `Pending Actions` खाली `Compliance Portal` उघडायचा आणि त्यात `e-Campaign` पाहायचं. दुसरी गोष्ट, ही मोहिमेतली विचारणा आहे, कायद्याच्या कलमाखालची रीतसर नोटीस नव्हे. कलम १४२(१), १३३(६) किंवा १४८ए असा उल्लेख असलेला कागद आला तर प्रकरण पुढच्या टप्प्यात गेलं असं समजायचं. अशा कागदावर डीआयएन हा ओळख क्रमांक असतो, आणि तो कागद अस्सल आहे का हे लॉग-इन न करताही पोर्टलवर तपासता येतं.

बाईंच्या दोन नोंदींना दोन वेगळी उत्तरं द्यावी लागली. स्विचच्या नोंदीपुढे त्यांनी `Information is correct` निवडलं. मनाविरुद्ध निवडलं, पण नोंद खरीच होती. शेअरच्या नोंदीपुढे `Information is not fully correct` निवडून कॉन्ट्रॅक्ट नोटवरची ४,८४,००० ही रक्कम लिहिली. घाईत लोक `Information is denied` निवडतात, कारण ‘मला पैसे मिळालेच नाहीत’ ही भावना खरी असते. तो पर्याय व्यवहार माझा नाहीच, हे सांगण्यासाठी आहे. तो दाबला की माहिती पुरवणाऱ्या संस्थेकडे पडताळणी जाऊ शकते, आणि तिच्या दप्तरात बाईंच्या सहीचा स्विचचा अर्ज असतोच.

आणि उत्तर दिलं म्हणजे काम संपलं, असंही नाही. पोर्टलवरच्या उत्तराने रिटर्न बदलत नाही. उत्तर ‘माहिती बरोबर’ आणि रिटर्नमध्ये नफा शून्य, ही स्थिती उत्तर न देण्यापेक्षा वाईट, कारण आता कबुली लेखी आहे. बाईंना सुधारित रिटर्न भरावं लागलं, तेही ‘सहज’ सोडून आयटीआर-२ मध्ये. त्या वर्षीच्या ‘सहज’मध्ये भांडवली नफ्याला जागाच नव्हती. पुढच्याच वर्षापासून सवा लाखापर्यंतचा असा दीर्घकालीन नफा त्यात दाखवता येऊ लागला, तोही पुढे ओढायचा तोटा नसेल तरच. आयटीआर-२ मधल्या `Schedule 112A` या तक्त्यात २०१८ आधीचे शेअर एकेका कंपनीनिहाय लिहावे लागतात : आयएसआयएन क्रमांक, संख्या, विक्री, मूळ किंमत, ३१ जानेवारी २०१८ चा भाव. नंतरची खरेदी एकत्र एका ओळीत चालते.

सुधारित रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. शेवटच्या दिवशी मंडळाने निवासी व्यक्तींसाठी ती १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवली, पण असं दरवर्षी होईल यावर विसंबू नये. मुदत चुकली तर उरतं अपडेटेड रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू. त्यात कर आणि व्याजावर जादा रक्कम मोजावी लागते. आकारणी वर्ष संपल्यापासून पहिल्या बारा महिन्यांत २५ टक्के, दुसऱ्या वर्षात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७०. बाईंनी जानेवारीची मुदतही चुकवली असती आणि मार्च २०२६ पर्यंत आयटीआर-यू भरलं असतं, तर ६९,८९० वर सुमारे साडेसतरा हजार जादा गेले असते. त्यानंतरच्या वर्षात सुमारे पस्तीस हजार. आयटीआर-यूमध्ये तोटा दाखवता येत नाही, कर कमीही करता येत नाही. ज्याने शेअर तोट्यात विकले आणि ‘तोट्याला कसला कर’ म्हणून दाखवलेच नाहीत, त्याला ही खिडकी बंद असते. तोटा आठ वर्षं पुढे ओढण्याचा हक्कही मुदतीत भरलेल्या रिटर्नवरच मिळतो.

काहीच न करणाऱ्याचं काय होतं? बरेच महिने काही होत नाही, आणि फसवं असतं ते हेच. पुढे ई-व्हेरिफिकेशन योजनेखाली माहिती मागवणारी नोटीस येऊ शकते, त्यानंतर फेरआकारणी. खात्याने कमी दाखवलेलं उत्पन्न स्वतः शोधलं, तर त्यावरच्या कराच्या निम्मा दंड, आणि चुकीचं चित्र मुद्दाम उभं केलं असं ठरलं तर दुप्पट. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत. पण २०२३-२४ सारख्या आधीच्या वर्षांचा हिशेब १९६१ च्या जुन्या कायद्यानेच होतो, म्हणून इथे जुनेच आकडे दिले आहेत.

बाईंनी २७ डिसेंबरला कर भरला, चलनाचा क्रमांक आयटीआर-२ मध्ये घातला आणि त्याच दिवशी ओटीपीने रिटर्न पक्कं केलं. हे पक्कं करणं तीस दिवसांत झालं नाही, तर पक्कं केल्याची तारीख हीच रिटर्न भरल्याची तारीख मानली जाते. कॉन्ट्रॅक्ट नोट, रजिस्ट्रारचं स्टेटमेंट, यजमानांच्या २००९ च्या खरेदीचं बिल आणि मृत्यूचा दाखला, असे चार कागद एका पाकिटात घालून त्यांनी कपाटात ठेवले. एआयएसमध्ये ९,४०,००० ची विक्री अजूनही दिसते. ती दिसतच राहील, कारण ती झालेली आहे.

(पुढच्या आठवड्यात : मुलाच्या डीमॅटमधून आईच्या डीमॅटमध्ये भेट दिलेले शेअर, आणि एआयएसमधली ‘ऑफ-मार्केट’ ही ओळ.)